मदत हवी आहे: बर्फ तापवतोय पण ग्राफ सपाट येतच नाही (अर्जंट)

सुदामानगर_पालक: मुलगी नववीत आहे, परवा प्रॅक्टिकलची फाइल द्यायचीय. बर्फ तापवायचा, तापमान लिहीत जायचं आणि ग्राफ काढायचा. पुस्तकात ० वर सरळ आडवी रेघ आणि १०० वर दुसरी आडवी रेघ. आमची खालची रेघ तिरकी चढतेय आणि वरची १०० ला पोचतच नाही. थर्मामीटर बदलून पाहिलं, तेच. काय चुकतंय, लवकर सांगा प्लीज.

लॅबवाले_काका: आकडे टाका की. बर्फ किती, कशावर तापवला, बल्ब कुठे होता, ढवळलं का?

बिचोली_८: इंदूरचं पाणी क्षारांचं आहे, म्हणून येतं असं. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करा, १०० येईल.

लॅबवाले_काका: पाण्यात क्षार असले तर उकळबिंदू वर जातो हो, खाली नाही. आणि नळाच्या पाण्यात असतात तेवढ्याने साध्या थर्मामीटरवर फरक दिसणारसुद्धा नाही.

सुदामानगर_पालक: साधारण २०० ग्रॅम बर्फ ठेचून बीकरमध्ये, इलेक्ट्रिक शेगडी मंद. थर्मामीटर बीकरच्या तळाशी टेकवून उभं केलं होतं, ढवळलं नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. ० मिनिटाला ०, ३ ला १, ५ ला ३, ७ ला ४ आणि बर्फ तेव्हाही वर तरंगत होता, ९ ला बर्फ संपला तेव्हा ७. मग २२ ला ९८ आणि पुढे हलतच नाही.

लॅबवाले_काका: तुमचे आकडे चांगले आहेत, फेकू नका. बर्फ वर तरंगतो आणि बल्ब खाली शेगडीजवळ, म्हणजे तुम्ही तळाच्या पाण्याचं तापमान मोजलंत. त्यात पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळे थोडं कोमट झालेलं पाणी वर न जाता तळाशीच बसून राहतं आणि वरच्या बर्फापर्यंत ती उष्णता नीट पोचत नाही. काचेच्या कांडीने सतत ढवळा, बल्ब बर्फाच्या मधोमध धरा, तळाला आणि काचेला लागू देऊ नका. शेवटचा तुकडा जाईपर्यंत पारा शून्याच्या आसपासच राहील.

छावणीची_ताई: काका एक विचारू का, माझ्या कुकरमध्ये तुरीची डाळ शिजतच नाही, शिट्ट्या तर होतात.

लॅबवाले_काका: ताई, डाळ जुनी असेल, रात्री भिजत घाला. कुकरात दाब वाढतो म्हणून पाणी १२० च्या आसपास उकळतं, इथे उलट आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या आसपास, हवेचा दाब कमी, म्हणून ९८. मुलीचं ९८ अगदी बरोबर आहे.

ग्वाल्हेरकर: आमचं गाव बरंच खाली आहे, भाचीला शाळेत ९९ च्या वर मिळालं होतं.

सुदामानगर_पालक: बरं, पण शेगडी चालूच आहे मग तापमान का वाढत नाही? ती उष्णता जाते कुठे? व्हायवात हेच विचारतात.

बिचोली_८: वाफेबरोबर उडून जाते, सोपं आहे.

लॅबवाले_काका: मग बर्फाच्या वेळी कुठे उडते? तेव्हा तर वाफ नसते. रेणूंनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं, ती पकड सोडवण्यात सगळी उष्णता खर्च होते, रेणूंचा वेग वाढवायला काही उरत नाही आणि थर्मामीटर फक्त वेग दाखवतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, तेच पाणी ० पासून ९८ पर्यंत न्यायला ९८, आणि त्याची वाफ करायला ५४० च्या आसपास. तुमचा बर्फ ९ मिनिटांत वितळला तर पाणी तापायला ११ लागायला हवीत, तुम्हाला १३ लागली कारण गरम बीकर खोलीतही उष्णता सोडतो. तुमच्याच आकड्यांवर तिला हे सांगता आलं तर व्हायवा झाला. आणि पूर्ण आटवायला जाऊ नका, त्याच शेगडीवर तासाच्या वर लागेल आणि कोरडा बीकर तडकेल.

बिचोली_८: पण ज्योत मोठी केली तर पाणी जास्त गरम होतंच ना, आमच्याकडे चहा मोठ्या गॅसवर लवकर होतो.

लॅबवाले_काका: उकळी लवकर येते, आल्यावर ९८ चं ९८ च राहतं, फक्त लवकर आटतं.

सुदामानगर_पालक: ढवळून परत केलं! ८ व्या मिनिटापर्यंत ० ते अर्धा अंश, एकदम सपाट. आता एकच, मॅडम म्हणतात ग्राफवर १०० च दाखवा, ९८ चे मार्क कापणार. काय करू?

ग्वाल्हेरकर: १०० काढा, मार्क महत्त्वाचे.

लॅबवाले_काका: अजिबात नाही. ९८ काढा आणि ग्राफखाली उंचीचं कारण एका ओळीत लिहा, मॅडमला वाचू द्या.

छावणीची_ताई: आमच्या शाळेत तर मार्क कापले असते हो.