मदत हवी आहे: प्रयोगात डबल-ब्लाइंड कसं जमवू?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करतेय. वाद्यसंगीत ऐकताना शब्द जास्त लक्षात राहतात का, हा माझा प्रयोग. 20 शब्द वाचायचे, मग आठवतील तेवढे लिहायचे. एका गटाला हेडफोनवर सतार, दुसऱ्याला शांतता. डबल-ब्लाइंड हवं, म्हणजे कोण कुठल्या गटात हे भाग घेणाऱ्यालाही कळू नये आणि तपासणाऱ्या मलाही.

सरावफेरीत सतारवाल्या गटातली एक मुलगी कागद देताना म्हणाली, "ताई, मला जास्त आठवायला हवे होते ना?" म्हणजे अपेक्षा ओळखून ती जास्त जोर लावत होती. अशी अपेक्षा सुचवणाऱ्या प्रयोगातल्या खुणांनाच डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्नने 1962 मध्ये मांडलेला मुद्दा समोरच दिसला.

त्याहून वाईट माझं. यादीत 'सागर' होता. सतारवाल्या कागदावरच्या 'समुद्र'ला मी गुण दिला, शांततेच्या कागदावर तोच शब्द खोडला. हे मुद्दाम केलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

आता ठरवलंय की मैत्रीण चिठ्ठ्या टाकून गट पाडेल, ऑडिओ फाइल्सना फक्त क्रमांक देईल आणि कुठला क्रमांक कुठल्या गटाचा, ही यादी स्वतःकडे ठेवेल. सूचना रेकॉर्ड केलेल्या असतील. सगळे कागद तपासून होईपर्यंत कोण कुठल्या गटात, हे मला कळणार नाही.

अडलंय ते इथे: कानात सतार वाजतेय हे ऐकणाऱ्याला कळणारच. गट लपत नाही, फक्त गृहीतक लपवता येतं. मग दुसऱ्या गटाला शांततेऐवजी पावसाचा आवाज दिला, तर दोघांना आपलाच आवाज 'खरा' वाटेल का? की पावसाचाच वेगळा परिणाम होईल? आणि शेवटी "प्रयोग कशाबद्दल वाटला?" हे कसं विचारू, म्हणजे उत्तर सुचवलं जाणार नाही?