मदत हवी आहे: फोर्डची मॉडेल टी नक्की कुठल्या संकल्पनेत टाकायची?

रातकिडा
परवा प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंगचा पेपर आहे आणि मी एकाच उदाहरणावर अडकलोय. कंपनी कुठल्या विचाराने धंदा करते त्याच्या पाच संकल्पना, प्रॉडक्शन, प्रॉडक्ट, सेलिंग, मार्केटिंग, सोसायटल, पाचही व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण केस समोर आली की गोंधळ. फोर्डची मॉडेल टी एका नोट्समध्ये प्रॉडक्शनखाली आहे, दुसऱ्या नोट्समध्ये प्रॉडक्टखाली, कारण काय तर म्हणे काळ्याशिवाय दुसरा रंगच द्यायचे नाहीत, आणि आमचा एक सीनियर म्हणतो की कुणीतरी मोठ्या प्राध्यापकाने फोर्डला मार्केटिंगवालाच ठरवलंय. त्यात मराठीत प्रॉडक्शनलाही उत्पादन आणि प्रॉडक्टलाही उत्पादन, म्हणजे आनंदच. केसचा प्रश्न कंपल्सरी आहे, कुणीतरी समजावून सांगा.

दवंडी
सोपंय. आधी इंट्रोडक्शन, मग ग्रोथ, मग मॅच्युरिटी आणि शेवटी डिक्लाइन. मॉडेल टी १९२७ ला बंद झाली म्हणजे डिक्लाइन. आकृती काढ, आकृतीला मार्क असतात.

रातकिडा
अहो ते प्रॉडक्ट लाइफ सायकल झालं, माझा प्रश्न कंपनीच्या विचारसरणीचा आहे :(

गोगलगाय
मी असं लक्षात ठेवलं होतं: स्वस्त दिसलं की प्रॉडक्शन, क्वालिटी दिसली की प्रॉडक्ट, जाहिरात दिसली की सेलिंग, सर्व्हे दिसला की मार्केटिंग आणि धूम्रपान सोडा टाइप मोहीम दिसली की सोसायटल. पास झाले होते. काळा रंग म्हणजे कंपनीचा हट्ट, म्हणून प्रॉडक्ट.

चष्मिष
गोगलगाय, निम्मं बरोबर आहे पण त्या युक्तीने केसमध्ये फसायला होतं, कारण जाहिरात तर पाचही प्रकारच्या कंपन्या करतात. कंपनी काय करते यापेक्षा माल खपत नसेल तर ती कशाला दोष देते ते बघायचं. प्रॉडक्शनवाला म्हणतो माल महाग आहे किंवा पुरत नाही. प्रॉडक्टवाला म्हणतो माल अजून चांगला करू. सेलिंगवाला म्हणतो आपण रेटा कमी लावला. मार्केटिंगवाला म्हणतो बहुतेक आपण चुकीचीच वस्तू बनवलीय, गिऱ्हाइकाची गरज वेगळी आहे.

आता फोर्ड. गाडी १९०८ ला आली तेव्हा साधारण ८५० डॉलरची होती. १९१३ मध्ये फिरती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि एक चॅसी जोडायला जे साडेबारा तास लागायचे ते काही महिन्यांत दीड तासावर आले. १९२० च्या दशकाच्या मध्याला सगळ्यात स्वस्त मॉडेल ३०० डॉलरच्याही खाली होतं. मागणी प्रचंड, अडचण फक्त किमतीची आणि पुरवठ्याची, म्हणून हा काळ प्रॉडक्शन. काळा रंगही त्याच हिशोबातला आहे, प्रॉडक्टच्या प्रेमातला नाही. सुरुवातीला ही गाडी इतर रंगांतही मिळायची, फक्त काळी झाली ती १९१४ च्या सुमारास, म्हणजे लाइन सुरू झाल्यावर, आणि शेवटी विक्री घसरायला लागली तेव्हा रंग परत आले. एकच रंग म्हणजे लाइनवर भानगड कमी.

पण खरी गंमत पुढे आहे. १९२०-२१ च्या मंदीत गाड्या पडून राहिल्या तेव्हा फोर्डने डीलरांनी न मागवलेल्या गाड्या त्यांच्याकडे पाठवल्या आणि पैसे रोख मागितले. डीलरकी टिकवायची तर डीलरने बँकेतून कर्ज काढायचं आणि गाड्या कशाही खपवायच्या. कंपनी तीच, मालक तोच, गाडी तीच, आणि विचारसरणी पक्की सेलिंगची! कारखाना सुटला, गोदामातला माल दुसऱ्याच्या गळ्यात गेला. म्हणून 'फोर्ड म्हणजे प्रॉडक्शन' असं कंपनीला लेबल लावू नका, त्या वेळच्या निर्णयाला लावा.

मुक्काम पोस्ट
हे वाचून माझीच गोष्ट आठवली. मी छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. दोन वर्षं रिपोर्ट, ग्राफ, थीम्स टाकत राहिलो, आणि गिऱ्हाइक सोडून गेलं की पुढच्या व्हर्जनमध्ये आणखी दोन फीचर. शेवटी एकाने फोनवर सांगितलं की रिसेप्शनवरच्या माणसाला घाईत एका बोटाने नाव टाकता आलं पाहिजे, बाकी काही नको. हे चष्मिष म्हणतायत ते 'अजून चांगला करू'वालं ना? का मी सेलिंगवाला?

चष्मिष
शुद्ध प्रॉडक्ट. तुम्ही चांगलं म्हणजे काय ते स्वतःच ठरवलं होतंत. आणि बघा, इथे क्वालिटी खराब नव्हती, म्हणून क्वालिटी दिसली की प्रॉडक्ट एवढ्यावर थांबू नये. मराठी शब्दांचं म्हणाल तर उत्तरात एकदाच ठरवून 'उत्पादन संकल्पना' आणि 'वस्तू संकल्पना' असं वेगळं लिहा, घोळ मिटेल.

रातकिडा
आणि तो प्राध्यापक?

चष्मिष
थिओडोर लेविट, १९६०. त्यांचं म्हणणं असं की असेंब्ली लाइनमुळे किंमत कमी झाली हे उलटं सांगितलं जातं. फोर्डने आधी ओळखलं की अमुक किमतीला लाखो लोक गाडी घेतील, आणि मग त्या किमतीत बसवायला लाइन लागली. सुरुवात गिऱ्हाइकाच्या खिशापासून, म्हणून मार्केटिंग. मला हे निम्मंच पटतं. कारण पुढे लोकांना बंद टपाच्या, आरामशीर गाड्या हव्या होत्या तरी फोर्ड जुन्याच गाडीवर अडून बसला. हप्त्यांचंही तसंच. जनरल मोटर्सने १९१९ पासून कर्जाची सोय केली, गाडी आज न्या आणि पैसे नंतर द्या. फोर्डने १९२३ मध्ये काढली ती योजना म्हणजे दर आठवड्याला ५ डॉलर साठवा आणि पूर्ण पैसे जमले की गाडी न्या. एकाने गिऱ्हाइकाची अडचण सोडवली, दुसऱ्याने त्याला बचत शिकवली. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली आणि नवीन मॉडेल येईपर्यंत फोर्डचं उत्पादन कित्येक महिने ठप्प होतं.

गोगलगाय
पण जनरल मोटर्स तर दरवर्षी थोडा पत्रा बदलून नवीन मॉडेल म्हणून विकायची. चालू गाडी जुनाट वाटायला लावायची, हे मार्केटिंग कसलं, हे सेलिंगच की.

चष्मिष
यावर मी तुमच्याशी पूर्ण भांडू शकत नाही. प्रत्येक खिशाला एक गाडी, स्वस्त शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत, हे मला मार्केटिंग वाटतं, पण वार्षिक बदलात दोन्ही मिसळलंय. परीक्षेत मी कारण देऊन मार्केटिंग लिहीन.
मात्र सोसायटलचं तुमचं दुरुस्त करा. धूम्रपान सोडा ही मोहीम म्हणजे सोशल मार्केटिंग, म्हणजे वागणूक बदलण्यासाठी मार्केटिंगची तंत्रं वापरणं. मराठीत दोन्हीला 'सामाजिक' म्हणतात म्हणून अर्धा वर्ग इथेच पडतो. सोसायटलमध्ये कंपनी आपलाच माल विकते, फक्त हिशोबात गिऱ्हाइकाची इच्छा आणि नफा यांच्या जोडीला समाजाचं भलंही धरते. मोटारीतलंच उदाहरण घ्या, शिसं घातलेलं पेट्रोल १९२३ ला बाजारात आलं. इंजिन ठोठावायचं थांबलं, गिऱ्हाइक खूश, कंपनी खूश, आणि शिसं हवेत. मार्केटिंग संकल्पना इथे पूर्ण पास होते आणि सोसायटल नापास. कोटलर यांनी १९७२ मध्ये हा मुद्दा मांडला तो अशाच फटीवर बोट ठेवून.

दवंडी
मग आकृती काढायची नाही का?

रातकिडा
दवंडी :D
चष्मिष, खूप आभार. एक शेवटचं. आमच्या पुस्तकात या पाच पायऱ्यांना सनावळी दिलीय, अमुक सालापर्यंत प्रॉडक्शन एरा वगैरे. पण तुमच्या हिशोबाने तर फोर्ड सात-आठ वर्षांत दोन पायऱ्या फिरला. सनावळी लिहू का नको?

चष्मिष
ती सनावळी बरीचशी रॉबर्ट कीथ यांच्या १९६० च्या लेखावरून आलीय आणि त्यांनी लिहिला होता तो पिल्सबरी या पिठाच्या एका कंपनीचा प्रवास. पुढे फुलर्टन यांनी १९८८ मध्ये त्यावर चांगलीच टीका केली, की जोरदार विक्री आणि जाहिरात तथाकथित प्रॉडक्शन एरातही होतीच. पण तुमचा परीक्षक पुस्तकातलीच सनावळी धरून बसला असेल तर काय करायचं, ते मला नाही सांगता येणार.

मुक्काम पोस्ट
आमच्या वेळी सनावळी लिहिली नाही म्हणून दोन मार्क गेले होते.

गोगलगाय
आमच्या वेळी लिहिली म्हणून गेले होते.