दुसऱ्याची मुदत ठेव माझ्या एआयएसमध्ये

प्रेषक: प्रसाद, ब्रिस्बेन

नमस्कार मंडळी,

माझ्या 2024-25 च्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, सातारा जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या तीन नोंदी दिसत आहेत. बँक आयकर खात्याला कळवते त्या व्यवहारांपैकी SFT-005 खाली 12 लाख रुपयांची मुदत ठेव, SFT-016 खाली 84,000 रुपये व्याज आणि टीडीएसच्या भागात कलम 194A खाली त्याच व्याजावर कापलेले 8,400 रुपये. त्या बँकेत माझे खाते नाही; भारतात माझे पुण्यातील एकच एनआरओ खाते आहे. नोंदीसमोरच्या Optional वर क्लिक केल्यावर Information is denied आणि Information relates to other PAN/Year असे दोन जवळपासचे पर्याय दिसतात. कोणता निवडावा?

प्रेषक: विनय

प्रसाद, सरळ denied करा, म्हणजे नोंद निघून जाईल. मी दोन वर्षांपूर्वी तसेच केले होते. टीडीएस मात्र तुमच्या पॅनवर जमा आहे, तेव्हा विवरणपत्रात तो घ्यायला हरकत नसावी.

प्रेषक: शुभदा

आमचेही असेच आहे. आईबरोबरच्या संयुक्त ठेवीची पूर्ण रक्कम माझ्या एआयएसमध्ये आली आहे, पैसे मात्र तिचे आहेत. मीही denied करू का?

प्रेषक: अविनाश

मंडळी, मी पुण्यात तीस वर्षे करसल्ला दिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शुभदाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. खाते एकापेक्षा अधिक नावांवर असेल, तर नियम 114E प्रमाणे बँकेला संपूर्ण रक्कम प्रत्येक खातेदाराच्या नावे कळवावी लागते. म्हणजे तुमच्या नोंदीत चूक नाही, आणि खाते तुमच्या नावावर असताना ‘व्यवहार माझा नाही’ असे लिहिणे खरे ठरणार नाही. ठेव ठेवणे हे उत्पन्नही नव्हे. पैसे आईच्या खात्यातून गेल्याचा बँकेचा उतारा जपून ठेवा. व्याज कोणाच्या पॅनवर दाखवले आहे तेवढे मात्र अवश्य पाहा.

प्रसाद, तुमच्या नोंदीत एक खूण आहे. अनिवासी व्यक्तीच्या एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक कलम 195 खाली कर कापते. 194A हे निवासी ठेवीदारासाठी आहे. म्हणजे बँकेच्या लेखी हा ठेवीदार भारतात राहणारा आहे आणि पॅन तेवढा तुमचा लागला आहे. तो माणूस कोण हे ठाऊक असेल व त्याचा पॅन खात्रीने मिळत असेल, तरच other PAN निवडा, कारण तेथे तो पॅन भरावा लागतो. अंदाजाने कोणाचा पॅन घालू नका. ठाऊक नसेल तर denied हेच योग्य.

अभिप्राय तिन्ही नोंदींवर स्वतंत्रपणे द्या. तेच व्याज दोन ठिकाणी आले आहे. एआयएसचा गोषवारा असलेले टीआयएस ते एकदाच मोजते, पण तुम्ही फक्त SFT-016 नाकारलेत तर टीडीएसच्या ओळीतून ते पुन्हा उत्पन्नात येते. अभिप्राय दिल्यानंतर टीआयएस उघडून व्याजाचा आकडा 84,000 ने उतरला का ते पाहा आणि पोचपावती उतरवून घ्या.

विनयराव, नोंद निघून जात नाही. बँकेने कळवलेला मूळ आकडा तसाच राहतो. त्याच्या शेजारी तुमच्या अभिप्रायानुसार बदललेला आकडा येतो. अभिप्राय बँकेकडे खात्रीसाठी पाठवला जाऊ शकतो, आणि तो पाठवला का व बँक काय म्हणाली हे मे 2024 पासून एआयएसमध्येच दिसते. मूळ दुरुस्ती मात्र बँकेने SFT चे आणि टीडीएसचे, अशी दोन्ही दुरुस्त विवरणे भरल्यावरच होते. त्या 8,400 बद्दल तर माझे मत ठाम आहे: व्याज माझे नाही असे लिहायचे आणि त्यावरचा कर परत मागायचा, हे एकत्र चालणार नाही.

प्रेषक: प्रसाद

अविनाशकाका, कोडे बरेचसे सुटले. ठेव माझ्या चुलत्यांची निघाली. ती ठेवताना वारसदार म्हणून त्यांनी माझ्या पॅनची प्रत अर्जाला जोडली होती आणि शाखेत तोच क्रमांक ठेवीदाराच्या रकान्यात नोंदला गेला. त्यांच्या संमतीने त्यांचा पॅन घेऊन तिन्ही ओळींवर other PAN असा अभिप्राय दिला. टीआयएसमध्ये आता फक्त एनआरओचे व्याज उरले आहे.

चुलत्यांनी शाखेत लेखी अर्ज दिला आहे. शाखा म्हणते, दुरुस्ती मुख्य कार्यालय करील. अभिप्राय बँकेकडे गेल्याची तारीख पडद्यावर दिसते, उत्तराची जागा मात्र तीन आठवडे रिकामी आहे. तोवर मी विवरणपत्र भरावे की थांबावे?

प्रेषक: अविनाश

मुदत जवळ आहे, तेव्हा थांबू नका. स्वतःचे व्याज आणि त्यावरचा कर एवढेच दाखवून भरा. बँकेने तुमचे म्हणणे अमान्य केले तर खुलासा मागितला जाऊ शकतो, म्हणून काकांच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागवून ठेवा. काकांनी मात्र ते 84,000 स्वतःच्या विवरणपत्रात दाखवलेच पाहिजेत, त्यांच्या एआयएसमध्ये ते अजून आलेले नसले तरी. त्यांच्या 8,400 चे श्रेय बँकेच्या दुरुस्तीआधी मिळेल असे मला वाटत नाही. कोणाला तसा अनुभव असल्यास लिहावे.