परिपाठातले भाषण आणि सहा पंचवीसची व्हॅन

क्रीडाशिक्षक

आज परिपाठात केलेले छोटे भाषण येथे देत आहे. "मुलांनो, उठल्याबरोबर एक पेला पाणी प्या. दिवसभरात तीन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे. न्याहारी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका. काल परिपाठात एक विद्यार्थी चक्कर येऊन पडला, तो उपाशीपोटी आला होता. रात्री नऊला झोपा, कारण उंची झोपेतच वाढते." पालकांनी हे घरी अमलात आणावे, ही विनंती.

सातवीतल्या मुलीची आई

सर, आपली विनंती केवळ पालकांना आहे, शाळेकडे आपले काहीच मागणे नाही, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले. माझ्या मुलीची व्हॅन सहा पंचवीसला येते, म्हणून ती पावणेसहाला उठते. शाळा सात दहाला भरते आणि साडेबाराला सुटते. संध्याकाळी शिकवणी, मग गृहपाठ. तिचे वडील नऊला घरी येतात, त्यामुळे जेवण साडेनऊला होते आणि कितीही घाई केली तरी डोळा लागायला पावणेअकरा वाजतात. ही झाली सात तासांची झोप. यातील कोणता तास मी कापावा, हे आपणच सांगावे. पाण्याची गोष्ट तर याहून वेगळी आहे. ती सकाळी दोन घोट घेते आणि दुपारी एक वाजता घरी आल्यावरच पाणी पिते. बाटली भरलेलीच परत येते, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही आणि दहानंतर नळाला पाणी नसते. ज्या मुलीला जायचेच नाही, ती पिणार तरी कशाला?

निवृत्त आजोबा

आम्ही पहाटे चारला उठत होतो, तांब्याच्या भांड्यातील पाणी पीत होतो आणि दूध-भाकरी खाऊन चार मैल चालत शाळेत जात होतो. आम्हाला व्हॅन ठाऊक नव्हती. मुलांना चालत पाठवा, म्हणजे भूकही लागेल आणि झोपही येईल.

सातवीतल्या मुलीची आई

आजोबा, प्रश्न व्हॅनचा नसून झोपेच्या तासांचा आहे. चालत पाठवले तर तिला पाचला उठावे लागेल.

बालरोगतज्ज्ञ

सरांच्या भाषणातील हेतू योग्य आहे, पण तपशील तपासून घ्यायला हवेत. बारा वर्षांच्या मुलाला साधारण दोन लिटर द्रव दिवसभरात लागतो आणि त्यात दूध, ताक, वरण, फळे हे सारे धरलेले असते. प्यायचे पाणी दीड लिटरच्या आसपास गेले तरी बहुतेक दिवशी पुरते. ऊन आणि खेळ असेल तर अधिक लागते. तीन लिटरचा आग्रह सर्वांना नको. लघवीचा रंग पाहावा, मात्र सकाळचा पहिला नव्हे, तो गडदच असतो. दुपारी तो फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा असेल आणि मूल सकाळपासून एकदाही गेले नसेल, तर पाणी कमी पडते आहे.

आता चक्कर. उपाशीपोट हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. मूल उन्हात सावधान स्थितीत निश्चल उभे राहिले की रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पोहोचते. पाणी कमी, झोप कमी आणि पोट रिकामे असेल तर ते लवकर घडते. म्हणूनच न्याहारी केलेली मुलेही पडतात. पडलेल्या मुलाला बसवू नये, आडवे ठेवून पाय उंच करावेत आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटभरात सावध झाले नाही, धावताना पडले किंवा छातीत धडधडल्याचे सांगितले, तर ते साधे प्रकरण समजू नये.

एका शाळेचे मुख्याध्यापक

बाईंचा त्रागा समजतो, पण त्या सारे शाळेच्या माथी मारत आहेत. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळेत रिक्त होणाऱ्या शिपाईपदावर नवी नेमणूक होत नाही, त्याऐवजी ठोक भत्ता मिळतो. त्या रकमेत दिवसातून दोनदा स्वच्छतागृह धुणारा माणूस मिळवून दाखवावा. शिवाय कडी बसवली की महिन्याभरात ती तुटलेली असते. मुली ती तोडत नसतील, असे समजण्याचे कारण नाही.

सातवीतल्या मुलीची आई

मुली कड्या तोडतात, हे वाक्य आपण पालकसभेत उच्चारून दाखवावे. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील अट आहे, शाळेचा उपकार नव्हे. माझ्या बहिणीच्या मुलीला याच सवयीने दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि दोन्ही वेळा तिची परीक्षा बुडाली.

बालरोगतज्ज्ञ

दोघेही रागावलात, पण बाईंचे म्हणणे दवाखान्यात रोज दिसते. तास न् तास लघवी रोखणे, पाणी टाळणे आणि त्यातून येणारी बद्धकोष्ठता, या तिन्हींमुळे मुलींमध्ये संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. शिक्षिका मधल्या सुट्टीत दाराबाहेर उभ्या राहिल्या तरी पुष्कळ फरक पडतो, त्यासाठी अनुदान लागत नाही.

न्याहारीविषयी बाईंनाही एक सांगावे लागेल. साडेनऊला जेवलेल्या मुलीला सहा वाजता भूक नसणे स्वाभाविक आहे, तेव्हा बळजबरी नको. एक केळे किंवा कपभर दूध देऊन पाठवावे आणि खरी न्याहारी डब्यात द्यावी: शेंगदाणे घातलेले पोहे आणि वर लिंबू, किंवा थालीपीठ. त्यासोबत चहा नको, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, आणि वयात येणाऱ्या मुलींना लोहच कमी पडते. मात्र हे तेव्हाच जमते, जेव्हा शाळा पहिली सुट्टी साडेआठच्या सुमारास देते.

निवृत्त आजोबा

चहाबद्दल मी आयुष्यभर हेच सांगत आलो, पण माझे कोणी ऐकले नाही.

क्रीडाशिक्षक

चार ओळींच्या भाषणाची एवढी चिरफाड झाली, याबद्दल सर्वांचे आभार. तीन लिटरचा आकडा मागे घेतो, डॉक्टरांनी तो पुरता झोपवला आहे. सोमवारपासून परिपाठ सावलीत होईल, प्रतिज्ञेनंतर मुले खाली बसतील आणि कवायतीच्या तासाला दर वीस मिनिटांनी पाणी पिण्याची सुट्टी मिळेल. पाण्यासाठी वेगळी घंटा केरळच्या शाळांनी २०१९ मध्येच सुरू केली, मला तीही हवी होती, पण वेळापत्रकात माझे ऐकतो कोण? राहिली झोप. रात्री नऊनंतर मुलांच्या हाती मोबाईल असतो, तो शाळेने दिलेला नाही.

बालरोगतज्ज्ञ

मोबाईल काढून घ्यावा, हे मान्य. पण सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढे अठरापर्यंत आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. आठवी-नववीतील मूल अंधारात नऊला आडवे केले तरी दहापर्यंत कूस बदलत राहते. उंचीबद्दल सरांचे अर्धे बरोबर आहे: वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव गाढ झोपेत होतो, पण दोनचार जागरणांनी उंची खुंटत नाही. खरी हानी सकाळच्या तासांची होते, मुले वर्गात असतात आणि लक्ष नसते.

सातवीतल्या मुलीची आई

मग शाळाच उशिरा भरवा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. पाचवीत गेले की मुलांना झोप लागत नाही, असा शासनाचा समज आहे काय?

एका शाळेचे मुख्याध्यापक

आमच्या एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात. मोठ्यांना नऊला बोलावले तर दुपारचे वर्ग कोठे बसवू, ते आधी सांगा. स्वच्छतागृहाबाहेर शिक्षिकेची पाळी लावतो, तेवढे माझ्या हातात आहे. कडीचा खर्च पालक संघाने करावा.

सातवीतल्या मुलीची आई

कडी मी उद्या आणून देते. ती तुटली तर मुलींची नावे मात्र पुराव्यासह कळवावीत.