मदत हवी आहे: स्पर्धेआधी क्रिएटिन मागणाऱ्या मुलाला काय लिहू?

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा ७४ किलो गटात पॉवरलिफ्टिंग करतो. स्पर्धा नऊ दिवसांवर, वजन ७३.४, आणि आता त्याला क्रिएटिन सुरू करायचंय. मी हा मेसेज लिहिलाय:

"अरे, रोज २० ग्रॅमने आठवडाभर लोडिंग केलंस तर स्नायूंत पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं, मग वजनकाट्यावरच अडकशील. रोज ३ ग्रॅम घेतलंस तर स्नायू भरायला जवळपास चार आठवडे लागतात, म्हणजे या स्पर्धेला उपयोग नाही. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करू."

तो म्हणतो, "सर, थोडंच घेतो." पोट बिघडायचीही मला धास्ती आहे. तुमच्यापैकी कुणी इतक्या उशिरा सुरू करू दिलंय का? वजन किती सरकलं?