संचित रजा, अभिवचन रजा की सरळ फर्लो आणि पॅरोल?

सुलभा (पेडणे): शेजारच्या काकींचा मुलगा कोलवाळच्या तुरुंगात जन्मठेप भोगतोय. गोमेकॉत काकींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, तेवढ्यापुरता तो घरी यावा म्हणून मराठीत अर्ज लिहून द्यायला बसले. त्यांचा सावंतवाडीचा भाचा म्हणतो 'संचित रजा' लिही, माझा भाऊ म्हणतो 'अभिवचन रजा'. बरोबर काय?

अनंत (सावंतवाडी): संचित म्हणजे फर्लो, अभिवचन म्हणजे पॅरोल. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 1959 च्या नियमांपासून या दोन रजा आहेत. फर्लोच मागा. त्याला कारण द्यावं लागत नाही, तो कैद्याचा हक्कच आहे.

वसुधा (म्हापसा): अनंतभाऊ, कारण लागत नाही हे खरं. पण हक्क म्हणू नका. 2021 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फर्लो हा निरपवाद हक्क नाही, समाजाच्या सुरक्षेसाठी तो नाकारता येतो. शिवाय कोलवाळला महाराष्ट्राचे नियम लागत नाहीत, गोव्याचे वेगळे आहेत. इथे वकील आणि तुरुंगातले कारकून फर्लो, पॅरोलच म्हणतात. तेच देवनागरीत लिहा.

आणि सुलभाताई, काकींना पॅरोलच लागेल. फर्लो किती शिक्षा भोगली आणि वागणूक कशी होती यावर मिळतो. आई आजारी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पॅरोल मात्र अडचणीपुरता असतो, म्हणून अडचणीचा कागदच महत्त्वाचा. 'आई आजारी आहे' एवढं पुरत नाही. आजार काय, शस्त्रक्रियेची तारीख कोणती आणि नंतर घरी सांभाळायला दुसरं कोणी का नाही, हे सगळं डॉक्टरांच्या पत्रासह लिहा.

दामोदर (मडगाव): शब्दांची चर्चा चालली आहे म्हणून सांगतो. पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थ 'दिलेला शब्द'. आमचे आजोबा पोर्तुगीज शिकलेले, ते शब्दाला 'पालाव्र' म्हणत, मूळ एकच. परत येईन असं वचन देऊन सुटायचं, म्हणून 'अभिवचन' अगदी चपखल. 'संचित' मात्र मला पटत नाही. त्यातून कार्यालयातल्या साठलेल्या रजेसारखा अर्थ निघतो, मग लोकांना ती आपली कमाईच वाटते.

अनंत: कमाईच आहे ती! नीट वागून मिळवलेली.

रोहिदास (डिचोली): माझा पुतण्याही तिथेच आहे. खटला अजून संपला नाही. त्याच्यासाठी यातलं काय मागू?

वसुधा: यातलं काहीच नाही, रोहिदासदादा. दोन्ही शिक्षा लागलेल्यांसाठी आहेत. त्याच्यासाठी खटल्याच्या कोर्टातच जामीन मागावा लागेल, घरात खरंच प्रसंग असला तर थोड्या दिवसांचा अंतरिम जामीन.

सुलभा: अर्ज काकींनी करायचा की मुलाने?

वसुधा: दोघांनीही चालतं. मुलाला तुरुंग अधीक्षकांकडे द्यायला सांगा आणि काकींचाही एक कागदपत्रांसह द्या. पोच घ्यायला विसरू नका. निर्णय तुरुंग महानिरीक्षकांकडे होतो, त्याआधी तुमच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. अर्ज बहुतेक तिथेच अडकतो. मुलगा कुठे राहणार आणि जामीनदार कोण हे पोलीस विचारायला येतील, तेव्हा जामीनदाराला घरी हजर ठेवा. गुन्ह्यात मेलेल्या माणसाचं कुटुंब त्याच वाड्यावर राहत असेल तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाचा पत्ता द्या, नाहीतर 'शांतता बिघडेल' असा अहवाल जाण्याची शक्यता असते. अर्ज नाकारला तर आदेश लेखी मागा. कारण मोघम असेल तर पर्वरीला उच्च न्यायालयात रिट करता येते. कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

अनंत: म्हणजे एवढं सगळं पॅरोलसाठी. फर्लोत ही कटकट नसती.

वसुधा: पोलिसांचा अहवाल त्यालाही लागतो. पण तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे. फर्लोचे दिवस साधारणपणे शिक्षेतच धरतात. पॅरोलचे मात्र, मुदतपूर्व सुटकेसाठी 14 वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना वगळायचे, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच कैद्यांच्या प्रकरणात ठरवलं. आज आईसाठी बाहेर काढलेले दिवस पुढे तितकीच वाट पाहायला लावतील, हे मुलाला आधी सांगायला हवं.

दामोदर: मग तर 'संचित' आणखीच चूक! साठतं ते कैदेत, रजेत नव्हे.

अनंत: उलट फर्लोत दिवस जमेला धरतात, म्हणून 'संचित' योग्य.

सुलभा: वसुधाताई, वर 'पॅरोल' लिहिलं. जामीनदार काकींचा सावंतवाडीचा भाचा चालेल, की माणूस गोव्यातलाच हवा?

दामोदर: अनंतराव, फर्लो मुळात डच आहे, 'फरलोफ', म्हणजे परवानगी. त्यात जमा कुठे आली?