सप्लायरचं चांदीचं नाणं परत करणं म्हणजे उद्धटपणा?

महापे परचेस: रबाळ्याच्या कार्टनवाल्याने काल घरी काजूकतली पाठवली, खाली २० ग्रॅमचं चांदीचं नाणं. त्याचं कोटेशन सध्या माझ्याच टेबलावर आहे, पण म्हणून सणाची भेट परत पाठवायची? कसलं हे सोवळं! असं करणारे मला उद्धट वाटतात.

वागळे इस्टेट: सोवळं काय त्यात? घरचा पत्ता त्याला दिला कोणी, ते आधी सांगा. उद्या ऑर्डर त्यालाच गेली, अगदी क्वालिटीवर गेली तरी, हरलेला वेंडर नाण्याचीच गोष्ट सांगत फिरणार. आधी मालकाला स्वतः फोन करा, "शेठ, आठवण ठेवलीत, बरं वाटलं, मिठाई सगळ्या डिपार्टमेंटने खाल्ली, नाणं मात्र आमच्या नियमात बसत नाही." मग चलनावर वजन लिहून नाणं पाठवा, सहीशिक्क्याची पोच घ्या, त्याच दिवशी गिफ्ट रजिस्टरला नोंद आणि साहेबांना मेल. आमच्या एकाने ड्रायव्हरच्या हाती नुसतंच दिलं, ते पोचलंच नाही, सप्लायर अजून समजतो ह्यांनी ठेवून घेतलं.

घणसोलीकर: एवढा बाऊ कशाला, १९४ आरमध्ये २० हजारापर्यंत चालतं की.

वागळे इस्टेट: ते टीडीएसचं कलम आहे हो, जुलै २०२२ पासूनचं. देणाऱ्याने टॅक्स कधी कापायचा तेवढं त्यात आहे, घ्यायची परवानगी नाही. तुमची मर्यादा कंपनीची पॉलिसी ठरवते, आणि कोटेशन चालू असताना आमच्याकडे ती शून्य.

तुर्भे, छोटा सप्लायर: आम्हाला काय हौस आहे का? एका वर्षी काहीच दिलं नाही तर माल गेटवर चार तास उभा आणि माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, आठवडाभर निघेना. नियम शिकवताय तर पेमेंटचा पण शिकवा, छोट्या कारखान्याला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे हा कायदाच आहे.

महापे परचेस: पेमेंट अकाउंट्सवाले करतात, परचेसच्या नावाने बोटं मोडू नका.

तुर्भे, छोटा सप्लायर: आणि पीओवर ९० दिवस कोण टाकतं? अकाउंट्स? आयकरात ४३बी(एच) आल्यापासून मुदत उलटलेले पैसे मार्चअखेरपर्यंत दिले नाहीत तर खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, म्हणून मार्च आला की आमची आठवण येते. एरवी फोन पण उचलत नाही कोणी.

कळवा: आमच्या सोसायटीत वॉचमनला पोस्त द्यायचं की नाही ह्यावरून भांडण चाललंय, ते पण ह्यातच येतं का?

वागळे इस्टेट: नाही येत, त्याला बिनधास्त द्या. तुर्भेवाले, ९० दिवस आम्हीच छापतो, मान्य. पण म्हणून नाणं बरोबर ठरत नाही.

तुर्भे, छोटा सप्लायर: मी कुठे म्हटलं बरोबर? "भेट पाठवू नये" हे पत्र तुम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मेल करता. आमची भेटींची ऑर्डर दसऱ्यालाच जाते, तेव्हा गणपती उठले की पाठवत जा, आमचेही पैसे वाचतील.

महापे परचेस: फोन केला शेठना. जरा गप्प झाले, मग म्हणाले पाठवा. उद्या चलन करतोय. काजूकतली मात्र घरी निम्मी संपलीय, ती रजिस्टरला कशी लिहू?